‘भावा’ अडकला तेव्हा

‘तुमच्या सामन्यांच्या लाइव्हला एवढी गर्दी असते, दोन्ही गावांची पोरं चॅटमध्ये असतात, तरी शिवीगाळ फारशी दिसत नाही. एवढं सगळं तुम्ही वाचता तरी कसं?’

सगळे वाचत नाही. रायगड जिल्ह्यातील टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्या एका चॅनेलचे चॅट मी गेली काही वर्षे सांभाळतो आहे, आणि उपांत्य सामन्याच्या रात्री तिथे येणारी प्रत्येक ओळ वाचणे मला कधीच जमलेले नाही. आधी काय अडवायचे, काय हळू करायचे आणि उरलेले कोणी वाचायचे, एवढे ठरवून आम्ही सामन्याला बसतो.

स्लो मोडबद्दल बहुतेकांचा गैरसमज असतो. तो लावला की संपूर्ण चॅटचा वेग कमी होतो असे वाटते, पण प्रत्यक्षात तो प्रत्येक माणसाला दोन संदेशांमध्ये थांबायला लावतो. आम्ही सहसा तीस सेकंदांची मर्यादा ठेवतो. समजा दोनशे जण लिहीत आहेत आणि प्रत्येकाने संधी मिळताच लिहिले, तर तरीही मिनिटाला चारशे ओळी येऊ शकतात, आणि अर्थ कळेल अशा बेताने मला मिनिटाला फार तर पन्नास-साठ वाचता येतात. प्रत्यक्षात सगळेच सारखे लिहीत नाहीत म्हणून निभावते. स्लो मोडचा खरा उपयोग होतो तो आपल्या संघाचे नाव पंधरा वेळा चिकटवणाऱ्या उत्साही मुलासाठी. ही मर्यादा एकदा मी दोन मिनिटांवर नेली होती. एकाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला वेळेत देता येईना, त्यात प्रक्षेपण मैदानापेक्षा काही सेकंद मागे असते, त्यामुळे फलंदाज बाद होऊन पुढचा आला तरी आधीच्याच षटकाराचे कौतुक चालू राहिले. समालोचक चॅटमधील नावे वाचून प्रेक्षकांना नमस्कार करतात, त्यांनाही वाचायला काही उरले नाही. दहा षटकांच्या आत मी ती मर्यादा पुन्हा खाली आणली.

अडवलेल्या शब्दांची यादी हे अधिक किचकट काम आहे, आणि मराठीत ते इंग्रजीपेक्षा जास्त किचकट आहे. सामन्यावर पैसे लावणारे चॅटमध्ये येऊन ‘भाव काय चाललाय’ असे विचारत, आणि त्याखाली कोणीतरी आपला मोबाइल क्रमांक टाकत असे. मी रागाच्या भरात ‘भाव’ हा एकच शब्द यादीत टाकला. पुढच्या सामन्यात चॅट कमालीचे शांत झाले. मला आधी समाधान वाटले, नंतर शंका आली, कारण ‘भावा, काय मारलास!’ आणि ‘भावांनो, जिंकलो’ या ओळींशिवाय आमचे चॅट असूच शकत नाही. यादीशी अगदी मिळतेजुळते शब्दही हा गाळणा अडवतो, हे मला त्या रात्री कळले. आता यादीत सुटा शब्द न ठेवता ‘भाव काय’, ‘भाव सांगा’, ‘भाव किती’ असे शब्दसमूह स्वल्पविराम देऊन ठेवले आहेत.

उलट बाजूचा घोटाळा विभक्तीमुळे होतो. ‘सट्टा’ यादीत घातला म्हणजे काम झाले असे वाटते, पण ‘सट्ट्याचा नंबर’ किंवा ‘सट्ट्यात’ लिहिताना शब्दाचे मूळच बदलते, आणि ते रूप आपोआप अडेल असे मी धरून चालत नाही. म्हणून शब्द घालताना त्याचे सामान्यरूपही घालायचे, ही सवय लावून घ्यावी लागली. त्यावर लिपीचा प्रश्न असतोच. आमचे निम्मे प्रेक्षक रोमन लिपीत मराठी लिहितात, त्यामुळे एकच आरोप ‘फिक्सिंग’, ‘फिक्सींग’, fixing, fiksing आणि अक्षरांत जागा सोडून f i x i n g असा पाच तऱ्हांनी येतो. शिव्यांची उदाहरणे इथे देत नाही, पण त्यांची कल्पकता याहून वरचढ असते. कोणत्याही यादीने हे संपणार नाही. सामना संपल्यावर हाताने काढलेल्या संदेशांत नवे काय दिसले ते पाहून दोन-चार रूपे भरत जायचे, एवढेच जमते. दुवे अडवण्याची सोय मात्र एका खुणेने चालू होते, आणि ती आम्ही कधीच बंद करत नाही. धावफलकाचा दुवा टाकणाऱ्या आमच्या गुणलेखकाचे खाते मंजूर वापरकर्त्यांत घातले आहे, त्यामुळे त्याचे संदेश या गाळण्यातून सुटतात.

ही दोन्ही साधने एकाच रात्री अपुरी पडलेली मी पाहिली आहेत. उपांत्य सामन्यात एका पायचीतच्या निर्णयानंतर पंचाच्या जातीवरून एक वाक्य आले. मी ते काढले. तेच वाक्य दुसऱ्या नावाने आले, मग तिसऱ्या, आणि काही मिनिटांत बाराएक नावांनी. प्रत्येक खाते एकदाच बोलत होते, म्हणून स्लो मोडला त्यात वावगे काही नव्हते, आणि वाक्यातला एकेक शब्द तपासला तर कोणताही शब्द यादीत बसणारा नव्हता. ओळख पटण्याची खूण एकच होती, ती म्हणजे नावे वेगळी आणि चूक तीच: प्रत्येक संदेशात एका शब्दाची वेलांटी सारखीच चुकलेली होती. ते वाक्य तसेच्या तसे, चुकीसकट, यादीत टाकले आणि सामना संपेपर्यंत चॅट फक्त काही काळापासून चॅनेल सबस्क्राइब केलेल्यांसाठी ठेवले. नवी खाती बाहेर राहिली. दुर्दैवाने त्या दिवशी प्रथमच पाहायला आलेले साधे प्रेक्षकही बाहेर राहिले, म्हणून हा उपाय मी शेवटची षटके असली तरच वापरतो.

राहिले मदतनीस. आमच्याकडे पाच जण आहेत, नावापुढे निळा पाना दिसतो ते. त्यांना निवडताना मी संगणकाचे ज्ञान पाहत नाही. आगरी बोलीतला कोणता शब्द चेष्टेचा आणि कोणता जिव्हारी लागणारा, हे ज्याला सांगावे लागत नाही असा माणूस मला हवा असतो. दोन नियम मात्र कडक आहेत. आपल्या गावाचा सामना असेल त्या दिवशी पानावाल्याने फक्त प्रेक्षक म्हणून बसायचे, आणि पहिल्या चुकीला वापरकर्ता लपवायचा नाही, तर दहा मिनिटांचा टाइमआउट द्यायचा.

दुसऱ्या नियमामागे एक फोन आहे. मस्कतला नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांनी आयोजकांना विचारले, ‘मी रोज लिहितो, समालोचक माझं नाव घेत का नाहीत?’ शोधले तेव्हा ते लपवलेल्या वापरकर्त्यांच्या यादीत सापडले. आमच्या एका मदतनिसाने पंचावरच्या रास्त तक्रारीला शिवी समजून त्यांना लपवले होते. असे लपवलेल्या माणसाला कोणी काही कळवत नाही आणि ती बंदी त्या सामन्यापुरती नसून संपूर्ण चॅनेलवर लागते, त्यामुळे हे गृहस्थ सात आठवडे स्वतःशीच बोलत होते. आता दर सोमवारी ती यादी आम्ही मिळून वरून खाली वाचतो, आणि ज्याच्यासमोर कारण आठवत नाही त्याला मोकळे करतो. मस्कतचे काका पुढच्या सामन्यात पहिल्याच षटकात आले आणि ‘नमस्कार मंडळी’ एवढेच लिहिले.