मधलंच कसं सुटलं?

"अहो, एआयला सगळा मजकूर तर पेस्ट करून दिला होता. पहिलं सांगितलं, शेवटचं सांगितलं, मग मधलंच कसं गाळलं त्यानं?"

गाळलं नाही. एवढं म्हटलं की लोकांना वाटतं, ही एआयची वकिली करतेय. मी सांगलीत एका वकीलसाहेबांकडे कागदपत्रांचं काम करते, त्याची वकिली करून मला काय मिळणार? पण कारण वेगळं आहे, आणि ते कळलं नाही तर पुढच्या वेळीही तेच होणार.

आमच्याकडे एक पक्षकार आले, विसार देऊन मोकळे झालेले. घरीच मुलानं सातबारा, फेरफार, वाटणीपत्र आणि शेवटी सर्च रिपोर्ट, असा सगळा टाइप केलेला मजकूर एकदम टाकून विचारलं होतं, "या जमिनीवर कुणाचा बोजा किंवा हक्क आहे का?" उत्तर छान आलं. सातबाऱ्यावरचा सोसायटीचा बोजा आला, सर्च रिपोर्टातलं गहाणखत आलं. साहेबांनी कागदावर बोट फिरवत वाटणीपत्र वाचलं आणि एका ओळीवर थांबले: "सामाईक विहिरीच्या पाण्याची पाळी दर आठवड्यास दोन दिवस धाकट्या बंधूंच्या वारसांकडे राहील." त्या गृहस्थांचा चेहरा पाहवेना. ऊस लावायचा म्हणून घेत होते जमीन. मुलगा माझ्याकडे बघायला लागला, जणू मीच ती ओळ लपवली.

तोवर असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, मजकूर मावला नसेल. काही वेळा तसं असतंही. पण ते तपासता येतं. त्याच मजकुराखाली मुलाला विचारायला लावलं, "विहिरीच्या पाण्याच्या पाळीबद्दल काय लिहिलंय?" ओळ जशीच्या तशी आली. म्हणजे मजकूर मावला होता. मग वाटणीपत्र उचलून सगळ्यात वर टाकलं आणि पहिलाच प्रश्न परत विचारला. या वेळी पाळी उत्तरात आली. एक अक्षर बदललं नव्हतं, फक्त जागा बदलली होती.

म्हणून "माणसासारखंच विसरतं" हे मला पटत नाही. वाचलेलं आपल्यासमोरून जातं म्हणून आपण विसरतो. त्याच्यासमोर सगळं तसंच असतं, पण उत्तराचा प्रत्येक शब्द काढताना मजकुराच्या कुठल्या तुकड्याला, म्हणजे शब्दाला किंवा त्याच्या भागाला, किती वजन द्यायचं हे ठरतं आणि त्या वजनांची बेरीज नेहमी एकच राहते. मजकूर लांबला की तेवढंच वजन जास्त तुकड्यांत विभागलं जातं. बहुतेक एआय मॉडेलांत प्रत्येक तुकडा फक्त आपल्या आधीचंच पाहू शकतो. त्यामुळे सुरुवातीचे तुकडे पुढच्या सगळ्यांना दिसतात आणि त्यांचा ठसा मॉडेलाच्या आतल्या हिशेबाच्या थरागणिक पसरत जातो. शेवटचे तुकडे प्रश्नाला खेटून असतात आणि जवळच्याला झुकतं माप मिळण्याची ओढ मॉडेलाच्या घडणीतच असते. मधल्याला यातलं काहीच नाही. त्यात प्रश्न होता "बोजा" आणि "हक्क" असा, कागदात शब्द "पाळी". शब्द जुळला असता तर मधूनही वर आलं असतं. फेरमांडणीत सातबारा मधे गेला, तरी सोसायटीचा बोजा सापडलाच की!

हे माझ्या टेबलावरचंच नाही. 2023 मध्ये स्टॅनफर्डच्या नेल्सन लिऊ आणि सहकाऱ्यांनी ज्यात उत्तर आहे तो उतारा बाकीच्या उताऱ्यांत पुढे-मागे सरकवून पाहिला. टोकांना उत्तरं चांगली आली, मधे घसरली. तेव्हाचं GPT-3.5-Turbo हे मॉडेल तर 20 आणि 30 उतारे असताना मधला उतारा देऊन, काहीच न दिल्यापेक्षा वाईट ठरलं. नवी मॉडेलं खूप सुधारलीत, मान्य. पण ज्या चाचण्यांत ती पैकीच्या पैकी मिळवतात, त्यांत बऱ्याचदा प्रश्नातलाच शब्द मजकुरात पडलेला असतो. आमच्या दस्तात तो नसतो.

"मग प्रश्न वर आणि खाली दोनदा लिहू का?" लिहा. लिऊंच्या प्रयोगात नेमकी नोंद हुडकायला त्यानं फार फरक पडला, उताऱ्यांतून उत्तर काढायला मात्र थोडाच. मी एकेक दस्त वेगळा टाकते आणि तोच प्रश्न प्रत्येकाला विचारते, त्याही आधी "यातल्या सगळ्या अटी ओळीनं उतरवून दे" असं सांगते. पाळी सापडते ती अशी.

पण यातही खोट आहेच. वाटणीपत्रातलं क्षेत्र सातबाऱ्याशी जुळत नाही, हे दोन्ही कागद एकत्र असल्याशिवाय कळत नाही. म्हणून शेवटी ते परत एकत्र टाकावेच लागतात, आणि मग मधे काय ठेवायचं यावर साहेबांचं आणि माझं अजून जमलेलं नाही.