२० किलो उचलतं कोण?

नोकरीची जाहिरात सहसा कुणी लिहीत नाही. मागची फाईल उघडायची, पदाचं नाव आणि तारीख बदलायची आणि पुढे पाठवायची, हीच रीत. मी चाकणला वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत एचआरमध्ये आहे. आमच्या स्टोअर्स असिस्टंटच्या जाहिरातीत वर्षानुवर्षं हेच छापून येत होतं: ‘बी.कॉम., शारीरिकदृष्ट्या सुदृढ, २० किलो वजन उचलण्याची क्षमता, दुचाकी व परवाना आवश्यक, उत्तम संभाषणकौशल्य. इच्छुकांनी फोन करावा.’

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे खासगी कंपनीलाही समान संधी धोरण लागतं, आणि २० किंवा जास्त कामगार असतील तर कोणती पदं दिव्यांगांना योग्य आहेत तेही त्यात लिहावं लागतं. आमच्या धोरणात तिथे ‘सर्व योग्य पदे’ एवढंच होतं. असलं वाक्य लिहिणाऱ्याने एकाही खात्यात पाऊल टाकलेलं नसतं. स्टोअर्समधली जागा रिकामी होणार होती, म्हणून म्हटलं, आधी हे काम नक्की काय आहे ते बघू. निवृत्त होणाऱ्या क्लार्कना आम्ही सगळे काका म्हणतो. एक अख्खी शिफ्ट त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले.

सोबत एक कागद होता. सरकारी पदांपैकी दिव्यांगांसाठी कोणती योग्य, याची केंद्र सरकारची यादी जानेवारी २०२१ मध्ये आली. तिच्यात प्रत्येक पदापुढे कामाला लागणाऱ्या क्रिया दिलेल्या असतात: बसणं, उभं राहणं, चालणं, वाकणं, उचलणं, ओढणं-ढकलणं, बोटांनी हाताळणं, वाचणं-लिहिणं, पाहणं, ऐकणं, संवाद. खासगी कंपनीला ती यादी लागू नाही, पण तिचे रकाने फार कामाचे आहेत. काका काही करायला लागले की मी त्या रकान्यात खूण करत होते.

गाडी गेटवर आली की सिक्युरिटी नोंद करते आणि चलन, बिल, ई-वे बिल स्टोअर्सला येतं. काका चलनावरचा पीओ, म्हणजे खरेदी ऑर्डरचा नंबर सॅप या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात आणि पार्ट नंबर, नग, दर जुळवतात. हेल्पर क्रेट मोजून आकडा सांगतो. चलनावर ५०० आणि मोजणीत ४८० निघाले की चलनाच्या दोन्ही प्रतींवर कमतरतेचा शेरा, ड्रायव्हरची सही, आणि मगच जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद. माल क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणीच्या होल्डवर जातो आणि क्यूसीने पास केल्यावर बिल अकाउंट्सकडे. त्या शेऱ्यात चूक झाली तर कंपनी न आलेल्या मालाचे पैसे भरते. म्हणजे या पदाला खरी गरज आकड्यांवर बारीक नजर असलेल्या आणि ड्रायव्हर घाई करत असताना सही घेतल्याशिवाय न सोडणाऱ्या माणसाची. हे जाहिरातीत कुठेच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत ‘उचलणं’समोर एकही खूण झाली नाही. विचारलं, “काका, २० किलो कोण उचलतं?” ते म्हणाले, “क्रेट हेल्पर उतरवतात, पॅलेट ट्रॉलीवर जातो. मी उचललं तर युनियनच विचारील.” ती अट बहुधा हेल्परच्या जाहिरातीतून आली असावी. दुचाकीचा उगम मात्र सापडला. पूर्वी हाच माणूस बँकेत चेक टाकायला जायचा. ते काम कधीच बंद झालं, अट मागे राहिली, आणि एका पायाने अधू असलेला किंवा गाडी न चालवणारा प्रत्येक जण जाहिरात वाचूनच परत फिरत राहिला.

‘उत्तम संभाषणकौशल्य’ यावर स्टोअर्सच्या इन्चार्जशी वाद झाला. त्यांचं म्हणणं, वेंडरला फोन करावाच लागतो. मी काकांचा फोन दाखवला. सगळा पाठपुरावा व्हॉट्सअ‍ॅपवर, चलनाच्या फोटोसकट, कारण तोंडी बोललेलं वेंडर नंतर नाकारतो. मग साहेबांनी फोर्कलिफ्टचा मुद्दा काढला: रिव्हर्सचा हॉर्न ऐकू न येणाऱ्याचं काय? हा प्रश्न रास्त होता. पण उत्तरही शेडमध्येच होतं. नव्या फोर्कलिफ्टला जमिनीवर निळा झोत टाकणारा दिवा आहे, जुनीला नव्हता. तिलाही बसवून घेतला. मशीनच्या आवाजात हॉर्न कुणालाच धड ऐकू येत नाही, हे सेफ्टीवाल्यांनी तेव्हाच कबूल केलं.

नव्या जाहिरातीत पाच-सहा वाक्यांत काम लिहिलं. पुढे आमच्या जागेची खरी माहिती दिली: ऑफिस तळमजल्यावर, दाराशी सहा इंचांची पायरी, कंपनीच्या बसची पहिली पायरी उंच, दिवसातून काही वेळा शेडमध्ये चालत किंवा व्हीलचेअरवर जावं लागतं, जमीन सपाट आहे. ‘दिव्यांगांनीही अर्ज करावा’ एवढ्याच ओळीने कुणाला काही कळत नाही. आपण आत शिरू शकू का आणि लघवीला कुठे जाणार, हे माणसाला घरातून निघण्याआधी कळायला हवं. टॉयलेटचं दार मी टेपने मोजलं: २८ इंच. व्हीलचेअरसाठी ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे ३५ इंच मोकळी रुंदी लागते. १:१२ उताराने सहा इंचांच्या पायरीला सहा फुटांचा रॅम्प लागतो. रॅम्प फॅब्रिकेशनने उरलेल्या चेकर्ड प्लेटमधून करून दिला. दाराचं काम मंजुरीत अडकलं होतं, म्हणून जाहिरातीत दाराची रुंदी आहे तशी लिहिली. मॅनेजमेंटला ते आवडलं नाही, पण दार लवकर झालं ते त्या ओळीमुळेच.

फोनसोबत मेसेजचा नंबर आणि ईमेल दिला. जाहिरात चित्र म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवली, कारण अंध माणसाचा स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरं सहसा वाचत नाही. मेडिकलचा फॉर्मही बदलावा लागला. त्यात ‘फिट / अनफिट’ एवढंच होतं आणि कशासाठी फिट ते नव्हतं. आता कामाच्या क्रियांचा तोच तक्ता डॉक्टरांसमोर असतो. हे केलं नसतं, तर जाहिरातीने आत आलेला माणूस मेडिकलला बाहेर पडला असता.

निवड झाली ती एका मुलीची. पोलिओमुळे एका पायाला कॅलिपर आहे, आधी किराणा होलसेलच्या गोदामात हिशेब बघायची. मुलाखतीत आम्ही मुद्दाम नग न जुळणारं चलन दिलं, तिने आकड्यासोबत चुकीचा पार्ट नंबरही पकडला. साहेबांनी पुढे काही विचारलं नाही.

डोक्यातून जात नाही तो दुसराच अर्जदार. नव्या जाहिरातीतही मी एक अट ठेवली होती: ‘छापील व हाताने लिहिलेली कागदी चलनं वाचता येणं आवश्यक.’ पूर्ण अंध असलेल्या एका गृहस्थांनी फोन केला. एक्सेल आणि सॅप ते स्क्रीन रीडरवर चालवतात. शांतपणे विचारलं, “मॅडम, तुमची किती चलनं कागदावरच येतात?” मी पाहून सांगते म्हटलं. मोठे वेंडर बिल आधीच पीडीएफमध्ये मेल करतात. हाताने चलन फाडतात ते छोटे वर्कशॉपवाले, कार्बन कॉपी इतकी फिकट की काकाही उजेडात धरून वाचायचे. शिवाय कमतरतेचा शेरा कागदावरच पडतो. म्हणून त्यांना नाही कळवलं, कारणासकट. त्या दिवशी ती अट खरीच होती. पण ती कामाची गरज आहे की आमच्या वेंडरांची सवय, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

पर्चेसने छोट्या वेंडरांना चलनाची टाईप केलेली प्रत मेल करायला सांगितलं आहे. काही करतात, बाकीचे अजून हातानेच फाडतात. मी दर महिन्याला नवीन मुलीकडून कागदी चलनांचा आकडा घेते, आणि त्या गृहस्थांचा अर्ज बंद केलेल्या फाईलमध्ये लावलेला नाही.