मलपृष्ठाच्या मजकुराची नोंद : दिवाडीच्या कादंबरीची पाठराखण

मागील नोंदीत उल्लेख केलेल्या कादंबरीच्या मलपृष्ठाचे काम आता अक्षरजुळणीपर्यंत पोहोचले आहे. ही कादंबरी माझ्या एका मैत्रिणीची असून ती स्वखर्चाने छापली जात आहे. शीर्षक अद्याप ठरायचे असल्यामुळे ते येथे देत नाही. हौसेने पाठराखणी लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या आपल्यासारख्यांना या वेळची अडचण उपयोगी पडेल असे वाटते. कारण या मजकुरात शेवट कोठेही सांगितलेला नव्हता, आणि तरीही तो वाचणाऱ्याला कळत होता. लेखिकेच्या संमतीने शेवटही येथे उघड करीत आहे, कारण तो ठाऊक असल्याशिवाय गळती कोठे होती हे दाखवता येणार नाही.

कथा गोव्यातील दिवाडी बेटावरील खाजन शेतीची आहे. खाजन म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी सखल जमीन बांध घालून राखलेली. बांधातून पाणी जाण्यायेण्याची जी मोरी असते तिला मानस म्हणतात, आणि मानशीला लाकडी दार असते. भरतीच्या दाबाने ते मिटते आणि ओहोटीला उघडून शेतातले पाणी नदीत सोडते. कादंबरीत १९७४ साली एका अमावास्येच्या उधाणात हे दार उघडे राहते, खारे पाणी शिरून कापणीला आलेले भात नासते, आणि गाव मानशीच्या रखवालदाराला, पांडूला, दोषी धरून हाकलून देते. अनेक वर्षांनी कादंबरीची नायिका शालन घरी परतते आणि अखेरीस तिला कळते, की त्या रात्री दार अडवून उघडे ठेवले होते ते तिच्या आईने. लेखिकेने स्वतः लिहिलेला पहिला मसुदा असा होता :

«आजारी आईच्या सेवेसाठी शालन दिवाडीच्या घरी परतते. १९७४ साली मानस उघडी राहून गावाची शेती बुडाली, तेव्हा रखवालदार पांडूला गावाने हाकलून दिले होते. पण पांडू खरोखर दोषी होता का? जुन्या वह्या चाळताना शालनला असे सत्य गवसते, की जिच्यावर तिने सर्वाधिक विश्वास ठेवला त्या व्यक्तीकडेच तिला नव्या नजरेने पाहावे लागते. एका दीर्घ मौनाची आणि क्षमेची हृद्य कहाणी.»

यात आईने दार उघडे ठेवले असे एकही वाक्य म्हणत नाही. तथापि, मजकुरात माणसे तीनच आहेत. त्यांतली शालन शोध घेणारी आहे, आणि पांडूला ‘खरोखर दोषी होता का’ या प्रश्नानेच निर्दोष ठरवले आहे, कारण या घडणीच्या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचक ‘नव्हता’ असेच गृहीत धरतो. उरली आई. पुढे ‘सर्वाधिक विश्वास’ हे शब्द तिच्यावरच येऊन थांबतात, आणि ‘क्षमा’ हा शब्द तर शालन शेवटी काय करते हेही सांगून टाकतो. मलपृष्ठावर जागा थोडी असल्यामुळे तेथे आलेले प्रत्येक माणूस वाचक कथेत कामाचे मानतो; दोनशे चाळीस पानांच्या गर्दीत लपणारे माणूस शंभर शब्दांत लपत नाही.

अशा वेळी माझी पद्धत ठरलेली आहे. हस्तलिखित हातात घेऊन पाठराखणीतली प्रत्येक माहिती वाचकाला कोणत्या पानावर कळते ते समासात लिहायचे. शालनचे परतणे पहिल्या पानावर आहे, पांडूची हकालपट्टी बाविसाव्यावर, वही सापडते ती एकेचाळिसाव्यावर. पांडूचे निर्दोषत्व मात्र दीडशेव्या पानाच्या पुढे स्पष्ट होते, आणि क्षमेचा प्रसंग शेवटच्या प्रकरणात आहे. साधारण पहिल्या चतुर्थांशात, म्हणजे येथे साठाव्या पानापर्यंत, जे कळते तेवढेच मलपृष्ठावर घ्यायचे, अशी मर्यादा मी पाळतो. रहस्यकथेत ती याहूनही आधी आणावी लागते, आणि ज्या कादंबरीत घटनेपेक्षा स्वभावचित्रण मोठे असते तेथे ती सैल करता येते. या मर्यादेमुळे मसुद्याचा सगळा उत्तरार्ध बाद झाला.

उरलेल्या भागावरून लेखिकेने दुसरा मसुदा केला. तो पूर्ण सुरक्षित होता, पण ‘एका गावाची, एका बांधाची आणि एका कुटुंबाची कथा’ अशा वाक्यांवर तो विसावला होता. अशी वाक्ये कोणत्याही ग्रामीण कादंबरीच्या पाठीवर चालतील. शेवट झाकण्यासाठी तपशील काढून टाकले की उत्सुकताही त्यांच्याबरोबर जाते. म्हणून झाकायच्या गोष्टीच्या जागी सुरुवातीच्या पानांतलीच, पण अपुरी राहिलेली अशी एखादी ठोस वस्तू आणावी लागते. ती वस्तू एकेचाळिसाव्या पानावर होती. माळ्यावर सापडलेली वही पांडूच्या हातची आहे, तीत मानशीचे रोजचे टिपण आहे, आणि नेमक्या त्या रात्रीचे पान पात्याने कापून घेतलेले आहे. रखवालदाराची वही शालनच्या घरी कशी, हा प्रश्न कादंबरी स्वतःच त्या पानावर उभा करते आणि शालनला पुढे बराच काळ वडिलांविषयी संशय येत राहतो. त्यामुळे तो प्रश्न बाहेर आणण्यात ना गळती होती ना फसवणूक.

आईला मजकुरातून काढायचे म्हणजे शालनच्या येण्याचे कारण बदलायचे, आणि येथे आमची बरीच चर्चा झाली. कथेत नसलेले कारण देणे मला मान्य नाही. पाठराखणीने गप्प राहावे, खोटे बोलू नये. सुदैवाने पहिल्याच प्रकरणात शालन पावसाआधी घराची कौले बदलून घेण्याचेही बोलते. ते कारण खरे होते, आणि माळ्यावर जाण्याचे निमित्तही त्यातूनच मिळत होते.

यानंतरचा पेच व्याकरणाचा होता आणि तो आपल्या भाषेत टाळता येत नाही. लेखिकेला शेवटी प्रश्न हवा होता : ‘त्या रात्री मानशीवर कोण गेला होता?’ या वाक्यात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. ‘गेला’ लिहिले तर वाचक पुरुषाच्या शोधात निघतो आणि शेवटी त्याला मलपृष्ठाने फसवल्यासारखे वाटते; ‘गेली’ लिहिले तर सगळेच संपते. म्हणून मी कर्मणी प्रयोग सुचवला : ‘मानशीचे दार कोणी उघडे ठेवले?’ येथे क्रियापद ‘दार’ या नपुंसकलिंगी कर्माप्रमाणे चालते आणि करणारा पुरुष की स्त्री हे उघड होत नाही. भूतकाळात सकर्मक क्रियापद घेतले की मराठीत ही सोय आपोआप मिळते. जाणे, येणे, पळणे अशा अकर्मक क्रियापदांत ती मिळत नाही. संशयित व्यक्तीचे लिंग झाकायचे असेल तेव्हा मजकुरातली क्रियापदे एकदा केवळ याच दृष्टीने तपासावीत.

परंतु हे वाक्यही टिकले नाही. ‘कोणी ठेवले’ म्हटले की कोणीतरी मुद्दाम ठेवले हे ठरून जाते, आणि कादंबरीत तर गावाची समजूत अशी आहे, की पांडूला झोप लागली आणि वाहून आलेला ओंडका दारात अडकला. हेतू होता हे शालनला नव्वदाव्या पानाच्या आसपास उमगते. शेवटी ‘दार उघडे राहिले’ एवढेच ठेवले. त्यात कर्ता नाही, हेतू नाही, आणि गावाला त्या सकाळी जेवढे ठाऊक होते तेवढेच वाचकाला कळते.

लेखिकेने मध्येच आणखी एक समारोप पाठवला होता : ‘त्या रात्रीविषयी सांगू शकेल असे गावात आता एकच माणूस उरले आहे.’ वाक्य कानाला फार चांगले वाटते आणि ‘माणूस उरले’ या नपुंसकलिंगामुळे स्त्री-पुरुष भेदही झाकला जातो. पण ‘एकच’ म्हटल्यावर वाचक पुस्तक उघडताच वयोवृद्ध पात्र शोधू लागतो, आणि पहिल्याच प्रकरणात अंथरुणाला खिळलेली आई त्याला भेटते. म्हणून ते वाक्य मनाविरुद्ध काढावे लागले.

अंतिम मजकूर असा आहे :

«पावसाआधी दिवाडीच्या जुन्या घराची कौले बदलून घ्यायची, एवढ्यासाठी शालन गावी आली आहे. माळा रिकामा करताना तिच्या हाती एक वही लागते. खाजनात शिरू पाहणारे नदीचे खारे पाणी अडवणाऱ्या मानशीचे रोजचे टिपण त्या वहीत आहे, आणि अक्षर आहे रखवालदार पांडूचे.

१९७४ साली एका अमावास्येच्या रात्री मानशीचे दार उघडे राहिले. कापणीला आलेले भात खाऱ्या पाण्यात उभे राहिले, आणि गावाने पांडूला गाव सोडायला लावले. वहीतून नेमके त्या रात्रीचे पान कोणीतरी पात्याने कापून घेतले आहे.

पांडूची वही या घरात कशी आली?»

‘मानस’ हा शब्द गोव्याबाहेरच्या वाचकाला अनोळखी असेल, म्हणून त्याचे काम त्याच वाक्यात आले आहे. पहिल्या मांडणीत ते ‘म्हणजे’ घालून वेगळे सांगितले होते आणि त्यामुळे वहीवरचे लक्ष उडत होते. पांडूविषयी ‘होता’ हे क्रियापद मुद्दाम कोठेही येऊ दिलेले नाही, कारण तो हयात आहे की नाही हे कादंबरी फार उशिरा सांगते. पुस्तक डेमी आकाराचे, म्हणजे साडेपाच गुणिले साडेआठ इंचांचे आहे. खाली आयएसबीएनच्या बारकोडसाठी साधारण दीड इंच रुंद आणि एक इंच उंच पांढरी जागा सोडूनही हा मजकूर अकरा पॉइंटात, मात्रा आणि उकार एकमेकांना न भिडता, मोकळा बसतो.

कादंबरी न वाचलेल्या काही म्हापसेकर वाचकांना पहिला आणि शेवटचा असे दोन्ही मसुदे वेगवेगळे दिले आणि ‘शेवटी काय होत असेल’ एवढेच विचारले. ‘आवडले का’ असे विचारून काही हाती लागत नाही. पहिला मसुदा वाचणाऱ्यांनी जवळजवळ एकमताने आईचे नाव घेतले. शेवटचा वाचणाऱ्यांत कोणी वडील म्हटले, कोणी मानशीच्या मासळीचा लिलाव घेणारा ठेकेदार म्हटले, आणि एकाने पांडूनेच वही ठेवायला दिली असावी असा तर्क केला. आईचे नाव कोणीही घेतले नाही. अंदाज असे पांगले की मजकूर सोडायला हरकत नाही असे मी मानतो. सगळे एकाच ठिकाणी जमले तर ते ठिकाण चुकीचे असले तरी मी मजकूर पुन्हा पाहतो, कारण मग तो वाचकाला भलत्याच वाटेला लावत असतो.

मुखपृष्ठाच्या कच्च्या चित्रात बांधावर कंदील घेतलेली लुगड्यातली आकृती होती. चित्रकाराला सांगून ती काढली असून आता तेथे केवळ दार आणि पाणी आहे.

एक गोष्ट बाकी आहे. पाठराखणीच्या खाली लेखिकेचा परिचय तीन ओळींत येतो आणि त्यात ‘आईने मरणाआधी सांगितलेल्या एका गोष्टीतून ही कादंबरी स्फुरली’ असे वाक्य आहे. वर वहीचा प्रश्न आणि चार ओळी खाली हे उत्तर, असे एकाच पृष्ठावर राहू देता येणार नाही. ते वाक्य पुस्तकाच्या अखेरीस मनोगतात न्यावे असे मी तिला कळवले आहे. परिचयात त्या जागी तिच्या आधीच्या कथासंग्रहाचा उल्लेख येईल, आणि तिचा होकार आला की पृष्ठ छपाईला जाईल.