px + ay = 1 ही ओळ

टी.वाय.च्या मुलांना मी रिंग थिअरी शिकवते. रिंग म्हणजे पूर्णांकांसारखा संच, जिथे बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार करता येतात. इरिड्यूसिबल आणि प्राइम या दोन व्याख्या वर्गात आल्या की दरवर्षी एकच प्रश्न येतो: "मॅडम, हे दोन्ही एकच ना?" प्रश्न रास्त आहे, कारण गोंधळ शाळेपासूनचा आहे. मूळ संख्येची व्याख्या आपण पाठ केलेली असते: 1 आणि ती संख्या यांखेरीज जिला दुसरा विभाजक नाही ती. ही खरं तर इरिड्यूसिबलची व्याख्या. इरिड्यूसिबल म्हणजे जो घटक फुटत नाही: p = ab असं लिहिलं, तर a किंवा b यांतला एक युनिट असलाच पाहिजे. (युनिट म्हणजे ज्याचा गुणाकार व्यस्त त्याच रिंगमध्ये सापडतो असा घटक.) प्राइमची मागणी वेगळी आहे. p ने ab ला भाग जात असेल, तर a ला किंवा b ला तरी भाग गेलाच पाहिजे. पहिल्या व्याख्येत p चं स्वतःचं फुटणं तपासायचं, दुसऱ्यात p दुसऱ्यांना कसा भागतो ते.

त्या दिवशी मी आधी सोपी बाजू सांगितली. इंटिग्रल डोमेनमध्ये, म्हणजे शून्य नसलेल्या दोन घटकांचा गुणाकार जिथे कधी शून्य होत नाही अशा रिंगमध्ये, प्रत्येक प्राइम इरिड्यूसिबल असतो. p = ab असेल तर p ने ab ला भाग जातो, म्हणून समजा a ला जातो, म्हणजे a = pc. मग p = pcb. दोन्हीकडचा p काढून टाकला की cb = 1, म्हणजे b युनिट. दोन्हीकडचा p काढता येतो तो इंटिग्रल डोमेन आहे म्हणूनच. Z₆ मध्ये, म्हणजे 6 ने भागून उरणाऱ्या बाक्यांच्या रिंगमध्ये, 3 प्राइम आहे, पण 3 = 3·3, आणि तिथे 3 युनिट नाही. डोमेनची अट सोडली की ही सोपी बाजूही टिकत नाही.

मग उलट बाजू. "खोटी आहे, उदाहरण देते," म्हणून मी फळ्याकडे वळले, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी फारशी न बोलणारी. म्हणाली, "मॅडम, पण उलट बाजूही सिद्ध होते. मी काल केली." मी तिला खडू दिला. तिने फळ्यावर लिहिलं ते असं:

p इरिड्यूसिबल आहे. p ने ab ला भाग जातो आणि a ला जात नाही, असं धरू. p फुटत नाही, म्हणून p चे विभाजक दोनच प्रकारचे: युनिट, नाही तर p च्या युनिटपटी. p ने a ला भाग जात नाही, म्हणून p आणि a यांचे सामाईक विभाजक फक्त युनिट. म्हणजे मसावि 1. म्हणून असे x, y मिळतात की px + ay = 1. दोन्ही बाजूंना b ने गुणू: pbx + aby = b. डावीकडच्या दोन्ही पदांना p ने भाग जातो. म्हणून b ला भाग जातो. p प्राइम आहे.

वर्ग शांत झाला. सिद्धता नीटनेटकी होती आणि पूर्णांकांसाठी अगदी बरोबर होती. मला उदाहरण ठाऊक होतं, म्हणून यात कुठेतरी चूक आहे हेही ठाऊक होतं. पण "चूक आहे, कारण माझ्याकडे उलटं उदाहरण आहे" एवढंच सांगून तिला बसवणं मला पटेना. तिला चूक कुठल्या ओळीत आहे ते कळायला हवं होतं. मी म्हटलं, "पुसू नकोस. आता आपण तुझ्या सिद्धतेतूनच माझं उदाहरण चालवत नेऊ. जी ओळ अडेल ती चुकीची."

फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यावर Z[√−5] घेतली, म्हणजे a + b√−5 या रूपाच्या सगळ्या संख्या, a आणि b पूर्णांक. इथे एक मोजपट्टी लागते, नॉर्म: N(a + b√−5) = a² + 5b². गुणाकाराचा नॉर्म हा नॉर्मांचा गुणाकार असतो, आणि नॉर्म 1 असलेल्या संख्या फक्त 1 आणि −1, म्हणून युनिट तेवढेच. आता 2 घ्या. त्याचा नॉर्म 4. 2 दोन बिगर-युनिट अवयवांत फुटला, तर प्रत्येकाचा नॉर्म 2 असायला हवा. पण a² + 5b² = 2 असं होतच नाही: b शून्य नसेल तर बेरीज किमान 5, आणि b शून्य असेल तर a² = 2 हवं. म्हणून 2 इरिड्यूसिबल.

आणि तरीही

(1 + √−5)(1 − √−5) = 6 = 2·3.

2 ने या गुणाकाराला भाग जातो. पण 1 + √−5 ला जात नाही, कारण 2 ची कुठलीही पट घेतली तरी तिचे दोन्ही भाग सम असतात, आणि इथे दोन्ही विषम आहेत. 1 − √−5 चंही तेच. म्हणजे 2 प्राइम नाही.

आता तिच्या सिद्धतेत p = 2, a = 1 + √−5, b = 1 − √−5 ठेवलं. एकेक ओळ मी वाचत होते आणि वर्ग हो-नाही सांगत होता. 2 इरिड्यूसिबल? हो. a ला भाग जात नाही? हो. सामाईक विभाजक फक्त 1 आणि −1? इथे काही मुलं थांबली, म्हणून तपासलं. 2 चे विभाजक ±1 आणि ±2 एवढेच, आणि ±2 ने a ला भाग जात नाही. तेव्हा हो. मसावि 1, ही ओळ खरी ठरली. यातच या उदाहरणाची खरी किंमत आहे, कारण बहुतेकांना चूक इथे असेल असं वाटतं.

पुढची ओळ: 2x + (1 + √−5)y = 1.

"शोधा x आणि y," मी म्हटलं. चारपाच मिनिटं सगळे वहीत आकडे घालून पाहत होते. कोणाला मिळेना. मग त्या मुलीनेच विचारलं, "y ला c + d√−5 धरलं तर?" तिने गुणाकार केला: (1 + √−5)(c + d√−5) = (c − 5d) + (c + d)√−5. आणि मग ती बराच वेळ त्या दोन कंसांकडे बघत राहिली. c − 5d आणि c + d यांच्यात फरक 6d चा, म्हणजे दोन्ही एकदम सम किंवा एकदम विषम. 2x ची भर घातली तरी त्यात बदल होत नाही, कारण त्याचे दोन्ही भाग सम. पण उजवीकडे 1 म्हणजे 1 + 0√−5: एक भाग विषम, एक सम.

"मॅडम, ही ओळ कधीच खरी होणार नाही," ती म्हणाली. तिने स्वतःच त्या ओळीभोवती चौकट आखली.

तोवर मागच्या बाकावरून प्रश्न आला: "पूर्णांकांत मग ती ओळ का चालते?" त्या दिवसातला सर्वांत चांगला प्रश्न हा होता असं मला वाटतं. पूर्णांकांत ती ओळ बाकी काढण्याच्या भागाकारातून येते. मसावि काढताना आपण भागत भागत जातो, दर वेळी बाकी भाजकापेक्षा लहान होते, आणि शेवटी उलट्या पावलांनी x, y हाती येतात. तोच भागाकार इथे करून पाहिला. 1 + √−5 ला 2 ने भागायचं, आणि बाकीचा नॉर्म 4 पेक्षा कमी हवा. भागाकार काहीही घ्या, बाकीचे दोन्ही भाग विषमच राहतात, कारण आपण वजा करतो ते 2 ची पट. दोन्ही भाग विषम असतील तर नॉर्म किमान 1 + 5 = 6. म्हणजे पहिल्याच पावलाला बाकी भाजकापेक्षा मोठी. Z[i] मध्ये, म्हणजे a + bi या रूपाच्या संख्यांत, जिथे नॉर्म a² + b² आहे, नेहमीच असा भागाकार निवडता येतो की बाकीचा नॉर्म भाजकाच्या नॉर्मच्या निम्म्याहून जास्त होत नाही. म्हणून तिथे हिची सिद्धता अक्षरशः जशीच्या तशी चालते.

मी मुलांना पॅरिसच्या अकादमीतली १ मार्च १८४७ ची बैठक सांगितली. लामे यांनी फेर्माच्या शेवटच्या प्रमेयाची सिद्धता मांडली, आणि लिऊव्हिल यांनी लगेच हरकत घेतली की त्या सिद्धतेत वापरलेल्या नव्या संख्यांत अवयव एकाच प्रकारे पडतात हे आधी दाखवायला हवं. कुमर यांनी ते नेहमी खरं नसतं हे १८४४ मध्येच दाखवलं होतं. त्या मुलीला मी हे मुद्दाम सांगितलं. तिच्या वहीतली ओळ आणि लामेंची अडचण एकाच कुळातली आहेत: पूर्णांकांतली सवय न तपासता पुढच्या रिंगमध्ये नेणं.

तासाची वीसेक मिनिटं उरली होती. कोणीतरी विचारलं, "मग इथे शाळेतली एकही मूळ संख्या प्राइम राहत नाही का?" राहतात. आम्ही 11 घेतली. समजा 11 ने αβ ला भाग जातो. मग 11 ने N(α)N(β) ला भाग जातो, म्हणून समजा N(α) ला, म्हणजे a² + 5b² ला. 11 ने b ला भाग जात नसेल, तर −5 म्हणजेच 6 हा कुठल्यातरी वर्गाला 11 ने भागून उरलेली बाकी असायला हवा. वर्गांच्या बाक्या मुलांनी मोजल्या: 0, 1, 4, 9, 5, 3. त्यात 6 नाही. म्हणून 11 ने b ला भाग जातो, मग a लाही, आणि मग α लाच. 11 प्राइम.

7 चं वेगळं निघालं. −5 ची 7 शी बाकी 2, आणि 3² = 9 ची बाकीही 2. म्हणून 3² + 5 = 14, म्हणजे 7 ने (3 + √−5)(3 − √−5) ला भाग जातो, पण दोहोंपैकी एकालाही नाही. प्राइम नाही. पण a² + 5b² = 7 लाही उत्तर नाही, म्हणून 7 फुटतही नाही. 2 सारखीच. आणि 29 तर सरळ फुटते: 29 = 3² + 5·2² = (3 + 2√−5)(3 − 2√−5). एकाच रिंगमध्ये शाळेतल्या मूळ संख्यांच्या तीन तऱ्हा: काही प्राइम राहतात, काही फुटतात, काही फुटतही नाहीत आणि प्राइमही राहत नाहीत. इरिड्यूसिबल आणि प्राइम या दोन शब्दांत अंतर पडतं ते त्या तिसऱ्या तऱ्हेत.

तास संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टाफरूमच्या दाराशी उभी होती, वही उघडूनच. 13 आणि 23 करून आणल्या होत्या. 13 साठी वर्गांच्या सगळ्या बाक्या लिहून त्यांत 8 नाही असं दाखवलं होतं, म्हणून प्राइम. 23 साठी लिहिलं होतं: 8² + 5 = 69 = 3·23, म्हणून प्राइम नाही; b = 0, 1, 2 ठेवून 23, 18, 3 उरतात, त्यातला एकही वर्ग नाही, म्हणून फुटत नाही. वहीत कुठेही px + ay = 1 नव्हतं. मी विचारलं, "हे का वापरलं नाहीस?" म्हणाली, "मॅडम, आधी भागाकार चालतो का ते बघावं लागेल ना?"