सासवडचा मुक्काम
दिवे घाट चढून सासवडला पोहोचले त्या रात्री मला आनंद झाला होता आणि धास्तीही वाटत होती. ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्याला घरात सगळे आमवात म्हणतात, माझ्यासोबत अकरा वर्षे आहे, आणि चांगला दिवस उजाडला की त्याची वसुली कधी होणार, हा हिशेब मन आपसूक मांडू लागते. पुण्याहून सासवडचा टप्पा वारीतला मोठा; तरी त्या दिवशी गुडघे कुरकुरले नाहीत, आणि घाटात एका माउलीबरोबर मी फुगडीसुद्धा घातली.

सकाळी डोळे उघडले की मी आधी मूठ मिटून बघते. बोटांची टोके तळव्याला टेकली आणि सांधे अर्ध्या तासात मोकळे झाले, तर दिवस माझा. सासवडच्या मुक्कामातल्या सकाळी तसेच झाले, म्हणून आपण सुटलो असे वाटले. जेजुरीकडे निघायच्या पहाटे मात्र मूठ अर्ध्यावरच अडली. बोटांची पेरे सुजून गरम झाली होती, पाण्याचा तांब्या दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून तोंडाशी न्यावा लागला, आणि अडीच तासांनंतरही टाळ हातात धरवेना.

मी दिंडीच्या ट्रकमध्ये बसले. घाटातली ती माउली जवळ येऊन म्हणाली, "अहो, परवा तर फुगडी घातलीत! एखादी गोळी घ्या आणि चला." तिच्या बोलण्यात खोट नव्हती, तरी ते लागले. माझे मुख्य औषध, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते काही आठवड्यांनी हळूहळू गुण देते, आणि दुखते म्हणून मधेच जादा घेतले तर जिवावर बेतू शकते. इतके सांगता आले. फुगडी खरी होती आणि आजची सूजही खरी आहे, हे मात्र पटवून देण्याइतका जोर अंगात नव्हता.

राहुट्यांच्या गाठोड्यांना टेकून बसल्यावर मी फुगडीलाच दोष देऊ लागले. फार दमणूक झाली की दुखणे उसळते, हे खरे. पण गेल्या हिवाळ्यात आठवडाभर घरात बसूनही ते असेच उसळले होते. तरीही मी दर वेळी स्वतःचीच चूक शोधते, कारण चूक सापडली तर पुढच्या वेळी ती टाळता येईल अशी आशा राहते. काहीच कारण नसणे मला सुजेपेक्षा जड जाते. (घरचे याला माझा वकिली स्वभाव म्हणतात.)

संध्याकाळी जेजुरीच्या तळावर तीच माउली पाय चेपत माझ्याशेजारी टेकली. "उद्या वाल्ह्यापर्यंत चालाल का?" तिने विचारले.

"सकाळी मूठ मिटून सांगते," मी म्हणाले. तिने माझा हात हातात घेऊन सुजलेली पेरे नीट पाहिली आणि तांब्या भरून आणायला उठली.