तारीख की जाळी? फराळाच्या ईमेलची दोन शीर्षकं तोलताना

घरगुती फराळ विकणाऱ्या एका छोट्या व्यवसायाची ईमेल यादी माझ्याकडे असते. २०२४ च्या दिवाळीआधी, १७ ऑक्टोबरला, तिच्यावर दोन शीर्षकांची चाचणी घेतली. मजकूर, फोटो, दर, पाठवणाऱ्याचं नाव सगळं एकच होतं. फरक फक्त शीर्षकात.

पहिलं: «२४ तारखेपर्यंत सांगा, फराळ वसुबारसेला घरी»

दुसरं: «अनारशाला जाळी पडली, चकलीला काटा आला!»

पुढे पहिल्याला ‘तारीख’ आणि दुसऱ्याला ‘जाळी’ म्हणतो. दोन्ही जवळपास सारख्या लांबीची आहेत, हे मुद्दाम. मोबाइलवर शीर्षक चाळिसेक अक्षरांनंतर कापलं जातं, त्यामुळे एक पूर्ण आणि दुसरं अर्धवट दिसलं तर तुलना शब्दांची राहत नाही, कापाकापीची होते. पणतीचा इमोजीही टाळला. तो युनिकोडमध्ये २०१९ साली आला, त्यामुळे जुन्या फोनवर पणतीऐवजी रिकामा चौकोन दिसतो. शीर्षकाखाली डोकावणारी ओळ दोघांना एकच दिली, आणि तिच्यात तारीख येऊ दिली नाही. ती आली असती तर ‘जाळी’ गटालाही मुदत दिसली असती आणि चाचणी तिथेच बाद झाली असती.

पाठवण्याआधी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवली: निकाल ऑर्डरींवर लावायचा, २४ तारीख संपल्यावर लावायचा, आणि ऑर्डर कोणत्या लिंकवरून आली हे न बघता ती देणारा माणूस कोणत्या गटात होता एवढंच बघायचं. फोनवरून आलेली ऑर्डरही धरायची. पुष्कळ लोक मेल वाचतात आणि सरळ फोन करतात. लिंकवरच्याच ऑर्डरी मोजल्या तर हे सगळे हिशेबातून गळतात. शिवाय एका माणसाच्या दोन ऑर्डरी आल्या तरी एकच मोजायची.

यादी वाटण्याचं काम सोपं वाटतं आणि नेमकी तिथेच गडबड होते. यादी बहुधा नोंदणीच्या क्रमाने लागलेली असते. वरची अर्धी एकाला आणि खालची अर्धी दुसऱ्याला दिली, की जुनी गिऱ्हाइकं एकीकडे आणि नवी दुसरीकडे जातात. मग जे जिंकतं ते शीर्षक नसतं, जुनी ओळख असते. म्हणून एक्सेलमध्ये शेजारच्या रकान्यात हे भरलं:

```
=RAND()
```

मग तो रकाना कॉपी करून Paste Special → Values ने तिथेच परत चिकटवला आणि त्यावर क्रम लावला. चिकटवण्याची ही पायरी गाळू नका. RAND शीटमधल्या प्रत्येक बदलासरशी नवा आकडा काढतो, आणि उद्या फाइल उघडल्यावर कोण कोणत्या गटात होतं याचा पत्ता लागत नाही. त्याआधी फराळ पोहोचवायला दिलेला फोन नंबर एकच असलेले पत्ते एकत्र करून प्रत्येक घरामागे एकच पत्ता ठेवला. नाहीतर नवऱ्याला ‘तारीख’ जाते, बायकोला ‘जाळी’, आणि ऑर्डर नेमकी कोणाच्या खात्यात टाकायची हे कोणीच सांगू शकत नाही.

दोन्ही गटांना मेल एकाच वेळी सोडले. एकाला दहाला आणि दुसऱ्याला जेवणाच्या सुट्टीत पाठवलं, तर तपासली जाते ती वेळ. परत आलेले मेल वजा जाता दोन्हीकडे साधारण ४,५५० पोहोचले.

आता आकडे, ज्या क्रमाने ते मोह पाडतात त्याच क्रमाने.

सगळ्यात आधी दिसतात ते ओपन. ‘तारीख’ १,६१८, ‘जाळी’ १,७७१. यातले बरेच माणसांनी उघडलेलेच नाहीत. ओपन मोजतात ते मेलमधलं एक अदृश्य चित्र लोड झालं की. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १५ पासून, मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन चालू असेल तर ॲपलचं मेल ॲप ती चित्रं आपणहूनच आणून ठेवतं, मेल कोणी वाचो न वाचो. आमच्या पाठवणी-साधनात असे ओपन वेगळे काढता येतात. ते काढल्यावर उरले ९५५ आणि १,११५, म्हणजे २१ टक्के आणि साडेचोवीस टक्के.

इथे एक गैरसमज नेहमी ऐकू येतो: ॲपलमुळे ओपनवरून काहीच ठरवता येत नाही. वाटणी खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी झाली असेल, तर आयफोनवाले दोन्ही गटांत सारखेच पडतात (आमच्याकडे असे ओपन ६६३ आणि ६५६ निघाले) आणि खोटे ओपन दोन्ही पारड्यांत सारखेच चढतात. त्याने विजेता उलटत नाही, फरक फिका पडतो इतकंच. तेव्हा ओपनपुरतं बोलायचं तर ‘जाळी’ खरोखर जिंकली. पण शीर्षक मेल उघडायला लावतं की फराळ घ्यायला लावतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाळीचं काय म्हणताहेत ते बघू म्हणून उघडणारा माणूस ऑर्डर देणारच असं नाही.

क्लिक आले २३१ आणि १८६. त्यातले काही यंत्रांचे होते. कंपन्यांच्या मेलवरची सुरक्षा-तपासणी प्रत्येक लिंक उघडून बघते, ‘यादीतून काढा’ ची लिंकसुद्धा. ते ओळखायची खूण म्हणजे मेल पोहोचल्यापासून काही सेकंदांत एकाच पत्त्यावरून एकामागोमाग सगळ्या लिंकवर क्लिक. असे पत्ते काढल्यावर उरले १८२ आणि १४१. इथे पारडं फिरलं आणि ‘तारीख’ पुढे गेली.

एक सापळा इथेच आहे. बहुतेक साधनं ‘उघडणाऱ्यांपैकी किती जणांनी क्लिक केलं’ हे प्रमाण ठळक दाखवतात. त्यात ‘तारीख’ १९ टक्के, ‘जाळी’ साडेबारा, म्हणजे एकतर्फी विजय. पण या प्रमाणाचा छेद शीर्षकानेच ठरवला आहे. ‘जाळी’ ने नुसते कुतूहलवाले जास्त आत आणले म्हणून तिचं प्रमाण पडलं. दोन शीर्षकांची तुलना करताना छेद नेहमी पोहोचलेल्या मेलचा घ्यावा. तो शीर्षक वाचण्याआधीच ठरलेला असतो.

आता ऑर्डरी. पहिल्या दिवशी संध्याकाळी ‘तारीख’ १४, ‘जाळी’ ५. जवळपास तिप्पट! तिसऱ्या दिवसाअखेर २९ आणि १७. २४ तारीख संपली तेव्हा ४१ आणि ३०.

हे तीन टप्पे तोलायला मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. दोन्ही गट सारख्या आकाराचे असतील आणि मोजत असलेली गोष्ट विरळ असेल, तर एवढं पुरतं:

```
=(B2-C2)/SQRT(B2+C2)
```

B2 मध्ये एका गटाच्या ऑर्डरी, C2 मध्ये दुसऱ्याच्या. यामागचा विचार साधा आहे. शीर्षकांत काहीच फरक नसता, तर एकूण ७१ ऑर्डरींपैकी प्रत्येक ऑर्डर नाणेफेकीसारखी या किंवा त्या बाजूला पडली असती. अशा ७१ नाणेफेकींत दोन बाजूंमधला फरक साधारण ७१ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे आठ-साडेआठचा, नुसत्या नशिबानेही पडतो. त्याच्या दुपटीहून मोठा फरक मात्र नशिबाने वीस वेळांत एखाद्या वेळीच दिसतो. म्हणून उत्तर २ च्या वर गेलं तर दखल घ्यायची.

पहिल्या संध्याकाळी उत्तर येतं २.०६. तिसऱ्या दिवशी १.७७. शेवटी १.३१.

म्हणजे पहिल्याच संध्याकाळी निकाल लावला असता तर ‘तारीख’ सरळ जिंकली असती. कित्येक साधनांत चार तासांनी विजेता आपोआप निवडून उरलेल्या यादीला तोच पाठवायची सोय असते. ती नेमकं हेच करते. अधूनमधून डोकावून आकडा २ च्या वर दिसला की थांबायचं, असं केलं तर कसोटीच सैल होते. पाच वेळा डोकावलं, तर फरक नसताना फरक दिसण्याची पाच टक्क्यांची शक्यता चौदा टक्क्यांच्या आसपास जाते.

पण आमच्या बाबतीत अंतर घटण्याचं कारण नुसतं नशीब नसावं. तिसऱ्या दिवसानंतर ‘तारीख’ ला आणखी १२ ऑर्डरी आल्या आणि ‘जाळी’ ला १३, म्हणजे दोघांचा वेग एकच. बावीस तारखेला दोन्ही गटांना एकाच शीर्षकाचा आठवणीचा मेल गेला होता, आणि मुदत तर मेलच्या आत दोघांनाही सांगितलेली होती. मुदतीचा शब्द वर आला की जे लोक एरवीही घेणार होते ते लवकर घेतात. ऑर्डर वाढली की नुसती अलीकडे ओढली गेली, हे मुदत उलटून गेल्यावरच कळतं. म्हणूनच मुदतीचं शीर्षक तपासताना मोजणी मुदतीच्या पलीकडे गेलीच पाहिजे; तीन दिवसांत गुंडाळलेल्या चाचणीत असं शीर्षक नेहमीच आहे त्याहून भारी दिसतं.

तर जिंकलं कोण? क्लिकवर तीच कसोटी लावली तर २.२८ येतं, तिथे ‘तारीख’ खरोखर पुढे. ओपनवर ‘जाळी’. आणि ज्यावर निकाल लावायचं आधी ठरलं होतं त्या ऑर्डरींवर कल ‘तारीख’ कडे आहे, पण सिद्ध काहीच झालेलं नाही. मी शीटमध्ये ‘अनिर्णित’ लिहिलं. मालकीणबाईंना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, “अकरा ऑर्डरी म्हणजे अकरा ऑर्डरी.” त्यात एक बरोबर मुद्दाही होता: ऑर्डरी लवकर हातात आल्या की भाजणी किती दळायची, अनारशाचे तांदूळ किती भिजवायचे हे आधी कळतं. तेवढ्यासाठी ‘तारीख’ वापरायला माझी हरकत नव्हती. ‘मुदतीने विक्री वाढते’ असं लिहायला मात्र होती.

हाच फरक पक्का करायचा तर किती पत्ते लागतील, तेही काढलं. ढोबळ सूत्र असं:

```
n = 16 × p × (1 − p) / d²
```

p म्हणजे ऑर्डरींचं सरासरी प्रमाण, इथे ०.००७८, d म्हणजे दोन गटांतला फरक, इथे ०.००२४. उत्तर येतं एका गटाला २१,००० च्या वर, आणि आमची सगळी यादीच ९,१०० ची. एका दिवाळीत हे सुटणारं नाही. म्हणून ठरलं की हीच जोडी, मुदत विरुद्ध चव, संक्रांतीच्या तिळगुळापासून पुढच्या चार सणांना चालवायची, दर वेळी नव्याने चिठ्ठ्या टाकून, आणि बेरीज पाचवा मेल झाल्यावरच करायची. तोवर त्या रकान्याची बेरीज मी शीटमध्ये लपवून ठेवली आहे. मालकीणबाईंना Unhide येत नाही.