मोठं म्हणजे काय मोठं?

काल दुपारी कूलरसमोर डोळा लागत होता तेवढ्यात गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "कार्ड थोडं मोठं करा". बस, एवढंच. माझं नागपुरात सक्करदऱ्याला डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नाच्या पत्रिका वगैरे. आता मोठं म्हणजे काय मोठं? आधी मी विचारायचो, "नेमकं काय पाहिजे ते सांगा", की दोन मिनिटांची व्हॉइस नोट यायची, त्यात मागच्या लग्नात कोणते काका रुसले तेही असायचं, फक्त माझं उत्तर नसायचं. आता लिहितो, "मोठं काय करू? कागद, अक्षर, की फोटो?" उत्तर आलं, "अक्षर". झालं काम.

पण हे जमायला लय दिवस लागले बाप्पा. सुरवातीला लिहायचो, "कागद मोठा करू का, अक्षर मोठं करू का?" तर उत्तर यायचं, "हो". चूक माझीच, "करू का" म्हटलं की माणूस हो नाहीतर नाहीच म्हणतो. म्हणून आता "काय" पुढे घेतो आणि पर्याय शेवटी, एकेका शब्दाचे. मग आकडे लावून पाहिले, तर एकाने "2" लिहिलं, मी दुसरा पर्याय समजून बसलो, त्याला दोन नमुने पाहिजे होते. शब्दच बरे. तेही एकमेकांत घुसणारे नकोत, एकदा मी "गडद, लाल, की मरून" विचारलं होतं, उत्तर आलं "गडद", आता लालही गडदच अन् मरूनही गडदच, मग पुन्हा विचारा. आणि एका मेसेजात एकच प्रश्न. रंग आणि तारीख सोबत विचारली तर रंग कळतो, तारीख राहते.

ही खोड बहुतेक आजोबांची. ते अमरावतीच्या धाकट्या भावाला जोडकार्ड टाकायचे, उत्तराचं कार्ड सोबतच असायचं, फाडून परत पोस्टात टाकलं की झालं. भाऊ पत्र लिहायला महाआळशी, म्हणून आजोबा उत्तराच्या कार्डावरही स्वतःच लिहून ठेवायचे: "येतो. येत नाही. कळवतो." नको ते खोडायचं फक्त. आम्हा पोरांना भारी मजा वाटायची, पोस्टमन आला की कोणती दोन खोडली ते पाहायला धावायचो.

एका उन्हाळ्यात कार्ड आलं तर तिन्ही खोडलेले. खाली कोपऱ्यात, जिथे जागाच नव्हती तिथे, बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं, मला वाचता नाही आलं. आजोबांनी वाचलं, खुंटीवरचा सदरा काढला आणि तसेच भर उन्हात गणेशपेठच्या स्टँडवर गेले.

त्या गिऱ्हाइकाला अक्षर मोठं करून पाठवलं. खाली लिहिलं, "यातलं नसेल तर फोन करा".